ट्रान्सफॉर्मरवर ठीक, जनरेटरवर गडबड: ड्राइव्हचे हार्मोनिक्स मोजून फिल्टर कसा निवडायचा

लाइनवर सगळं सुरळीत चालत होतं. पुरवठा गेला, जनरेटर सुरू झाला, पंप आणि एसीचे ब्लोअर एकेक करून त्यावर आले, आणि दोन मिनिटांत यूपीएस ओरडायला लागला. जनरेटर धडधाकट चालू असताना तो इनपुट नाकारून बॅटरीवर गेला होता. जनरेटरचा आवाज खालीवर होत होता आणि जिन्यातले दिवे त्या तालावर थरथरत होते. मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही दोन दिवस जनरेटरच्याच मागे लागलो होतो. गव्हर्नर तपासला, एव्हीआर बदलला, तरी काही फरक पडला नाही. दोष होता पंपांच्या आणि ब्लोअरच्या व्हीएफडींमध्ये, म्हणजे आपण ज्यांना नुसतं ड्राइव्ह म्हणतो त्यांच्यात. ते लाइनवरही हेच करत होते, पण तिथे ते खपून जात होतं.

इमारतीच्या विद्युत कामात नव्याने आलेल्यांना हार्मोनिक्स हा विषय टक्केवारीच्या तक्त्यांतून शिकवला जातो. मग ड्राइव्ह दिसला की फिल्टर लावा, असा सरसकट निष्कर्ष निघतो. खाली त्याच इमारतीचं गणित मांडलं आहे, फक्त आकडे थोडे सोपे केले आहेत. त्यात दोन गोष्टींवर लक्ष ठेवा: हार्मोनिकचे अँपिअर किती, आणि ते कोणत्या सोर्समधून वाहतात.

आधी ड्राइव्ह काय करतो ते

साध्या ड्राइव्हच्या तोंडाशी सहा डायोडचा ब्रिज असतो आणि त्याच्या मागे डीसी कपॅसिटर. लाइनचं व्होल्टेज कपॅसिटरच्या व्होल्टेजपेक्षा वर गेलं तरच डायोड उघडतात. म्हणजे ड्राइव्ह करंट सलग ओढत नाही, व्होल्टेजच्या शिखराजवळ घाईघाईने ओढतो. स्कोपवर एका फेजचा करंट पाहिला तर प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये दोन उंचवटे दिसतात आणि मधे खोलगट भाग, उंटाच्या पाठीसारखा.

हा आकार 50 हर्ट्झच्या मूळ साइन वेव्हमध्ये काही ठरावीक पटींच्या वेव्ह मिसळून बनतो. सहा डायोडच्या ब्रिजमध्ये त्या 5, 7, 11, 13, 17, 19 अशा क्रमाने येतात. सगळ्यांत मोठा पाचवा, म्हणजे 250 हर्ट्झचा, आणि त्याच्या खालोखाल सातवा, 350 हर्ट्झचा. तिसरा इथे जवळजवळ नसतो. म्हणून न्यूट्रल तापत असेल तर तीन फेजच्या ड्राइव्हकडे बोट दाखवू नका. ते काम बहुतेक वेळा सिंगल फेजच्या एलईडी दिव्यांचं आणि कॉम्प्युटरचं असतं, आणि ड्राइव्हला फिल्टर लावून ते थांबणार नाही.

आता खरा मुद्दा. हार्मोनिक करंट सोर्सच्या इम्पिडन्समधून वाहतो तेव्हा तिथे 250 आणि 350 हर्ट्झचा व्होल्टेज ड्रॉप तयार होतो. तो बसबारच्या व्होल्टेजमध्ये मिसळतो आणि त्या बसबारवरच्या प्रत्येक उपकरणाला भोगावा लागतो. बिचाऱ्या यूपीएसने काहीच केलेलं नसतं, पण त्याला मिळणारं व्होल्टेज बिघडलेलं असतं.

मोजायचं कुठे आणि काय

पॉवर क्वालिटी अॅनालायझर मुख्य इनकमरवर किमान आठवडाभर लावा, म्हणजे कामाचे दिवस आणि सुटी दोन्ही त्यात येतील. शिवाय प्रत्येक मोठ्या ड्राइव्हच्या इनपुटवर एकेक रीडिंग घ्या. इनपुटवरच घ्या. ड्राइव्हच्या मोटरकडच्या बाजूला व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालूबंद होत असतं आणि तिथलं रीडिंग या कामाला उपयोगाचं नाही. साधा, ट्रू आरएमएस नसलेला क्लॅम्प मीटर असल्या वाकड्यातिकड्या करंटला कमी आकडा दाखवतो, तेव्हा त्याच्यावरही विसंबू नका.

स्क्रीनवर THDi असा एक टक्का दिसतो, म्हणजे त्या क्षणीच्या मूळ करंटच्या तुलनेत हार्मोनिक किती. नवीन माणूस इथे हमखास फसतो. आमच्याकडच्या एका मुलाने रात्री पंपाच्या ड्राइव्हवर 70 टक्के पाहिले आणि घाबरून मला फोन केला. दिवसा तिथेच 40 टक्के होते. मी त्याला अँपिअर लिहायला सांगितले. दिवसा मूळ करंट 90 अँपिअर, त्याचे 40 टक्के म्हणजे 36 अँपिअर हार्मोनिक. रात्री पंप हळू फिरत होता, मूळ करंट 30 अँपिअर, त्याचे 70 टक्के म्हणजे 21. टक्का जवळपास दुप्पट झाला होता, पण सोर्सवरचा बोजा उलट कमी झाला होता. तेव्हापासून तो वहीत टक्क्याशेजारी अँपिअरचा रकाना ओढतो. तुम्हीही तसंच करा.

या इमारतीत 1000 केव्हीएचा, 5 टक्के इम्पिडन्सचा ट्रान्सफॉर्मर आहे, सेकंडरी 400 व्होल्ट. ड्राइव्ह असे: 55 किलोवॉटचे दोन पंप, प्रत्येकी 90 अँपिअर, आत कारखान्यातूनच डीसी चोक बसवलेला. आणि 7.5 किलोवॉटचे दहा ब्लोअर, प्रत्येकी 12 अँपिअर, चोक अजिबात नाही. म्हणजे पंपांचे 180 आणि ब्लोअरचे 120, मिळून 300 अँपिअर. बाकीचं लोड धरून इमारतीची कमाल मागणी 700 अँपिअर.

चोक असलेल्या ड्राइव्हचं विकृतीचं प्रमाण, म्हणजे तोच THDi, पूर्ण लोडला साधारण 40 टक्के येतं, चोक नसलेल्याचं 80 किंवा त्याहूनही जास्त. त्यामुळे पंपांचा हार्मोनिक करंट 72 अँपिअर आणि ब्लोअरचा 96. लोक मोठ्या पंपांकडे बघत बसतात, पण इथे खरा उपद्रव छोट्या ब्लोअरचा होता. वेगवेगळ्या ड्राइव्हचे हार्मोनिक एकमेकांना थोडेफार खोडतात, तरी पहिल्या हिशेबात ते सरळ बेरजेनेच घ्यावेत. बेरीज 168 अँपिअर.

मर्यादा कोणती लागू होते

आयईईई 519 या मानकातली करंटची मर्यादा प्रत्येक ड्राइव्हला लागू नसते. ती लागू होते जिथे तुमची इमारत वीजपुरवठादाराच्या जाळ्याला जोडली जाते त्या बिंदूला. शिवाय टक्केवारी त्या क्षणीच्या करंटची नसते, कमाल मागणीच्या करंटची असते. त्याला टीडीडी म्हणतात. कमाल मागणी म्हणजे गेल्या 12 महिन्यांतल्या प्रत्येक महिन्याच्या कमाल आकड्यांची सरासरी.

सोर्स किती तगडा आहे त्यावर मर्यादा ठरते. त्या बिंदूवरचा शॉर्ट सर्किट करंट भागिले कमाल मागणीचा करंट, एवढंच गुणोत्तर काढायचं. ते 20 पेक्षा कमी असेल तर टीडीडी 5 टक्के, 20 ते 50 असेल तर 8 टक्के, 50 ते 100 असेल तर 12 टक्के, आणि पुढे आणखी सैल. आपल्या इमारतीत ट्रान्सफॉर्मर पुरवठादाराचा आहे आणि जोडणी 400 व्होल्टला आहे, असं धरू. ट्रान्सफॉर्मर तुमचा स्वतःचा असेल तर हाच हिशेब सहसा हाय टेन्शन बाजूला करावा लागतो, तेव्हा आधी करारात बिंदू कुठे आहे ते वाचा.

```
I_FL  = 1000000 / (1.732 × 400) = 1443 A
I_SC  = 1443 / 0.05             ≈ 28900 A
I_SC / I_L = 28900 / 700        ≈ 41   →  TDD ≤ 8 %
8 % × 700 A                     = 56 A
```

म्हणजे परवानगी 56 अँपिअरची आणि आपण पाठवतोय 168, म्हणजे 24 टक्के.

फिल्टरच्या आधी कपॅसिटर पॅनेल उघडा

पॉवर फॅक्टरसाठी लावलेली कपॅसिटर बँक आणि ट्रान्सफॉर्मरचं इंडक्टन्स मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला रेझोनन्स होतो. तो नेमका पाचव्या किंवा सातव्यावर पडला तर ड्राइव्हने पाठवलेला हार्मोनिक कित्येक पटींनी वाढतो. हे कळायला एक वर्गमूळ पुरतं:

```
h = √( kVA_SC / kVAr )
kVA_SC = 1000 / 0.05 = 20000
√( 20000 / 400 ) ≈ 7.07
```

या पॅनेलमध्ये 400 केव्हीएआर होते. सगळे टप्पे आत आले की रेझोनन्स बरोब्बर सातव्यावर. वहीत जुनी तक्रार सापडली: कपॅसिटरचे फ्यूज वारंवार उडतात, दोन कपॅसिटर फुगले. दर वेळी नवे टाकून दिले होते. असे फ्यूज उडत असतील, कपॅसिटरचा करंट त्याच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा बराच जास्त दिसत असेल, तर रेझोनन्सचा संशय घ्या आणि मग एकेक टप्पा बाहेर काढून विकृतीचं रीडिंग पाहा. टप्पा बदलताच आकडा उडी मारून खाली आला तर शंका उरत नाही.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक टप्प्याला 7 टक्क्यांचा डिट्यून्ड रिअॅक्टर. त्याने टप्प्याची ट्यूनिंग 189 हर्ट्झला जाते, म्हणजे पाचव्याच्या खाली, आणि पाचवा-सातवा त्याला छेडू शकत नाहीत. फक्त एक पथ्य पाळा. रिअॅक्टर लावला की कपॅसिटरवरचं व्होल्टेज वाढतं, 400 चे साधारण 430 होतात, आणि लाइनचं व्होल्टेज चढलं की त्याहून वर. जुने 415 व्होल्टचे कपॅसिटर तिथेच ठेवून रिअॅक्टर जोडले तर तेही फुगतील, म्हणून कपॅसिटर 480 व्होल्टचे घ्या.

चोक

फिल्टरच्या चर्चेत चोक मागे पडतो आणि हे मला फार खटकतं. ड्राइव्हच्या इनपुटला 3 टक्क्यांचा साधा लाइन चोक लावला की करंटची घाई कमी होते, उंचवटे पसरट होतात आणि विकृती 80 वरून 40 टक्क्यांच्या आसपास येते. त्यात ना कपॅसिटर, ना इलेक्ट्रॉनिक्स. लाइनवरच्या व्होल्टेजच्या झटक्यांपासून ड्राइव्हचे डायोडही वाचतात. चोक 5 टक्क्यांचा घेतला तर विकृती 35 पर्यंत उतरते, पण पुढे फायदा आटतो आणि डीसी बसचं व्होल्टेज पडायला लागतं.

दहा ब्लोअरना 3 टक्क्यांचे चोक लावले. त्यांचे 96 अँपिअर 48 वर आले. पंपांना आत चोक होताच, त्यांचे 72 तसेच राहिले. बेरीज 120, म्हणजे 17 टक्के. अजून दुपटीहून जास्त, पण आता फिल्टरला निम्म्याहून थोडंसंच जास्त काम उरलं.

फिल्टर निवडताना

बाजारात फिल्टर हा शब्द चार वेगळ्या वस्तूंना लावतात, त्यामुळे ऑर्डर देताना नावाकडे नीट पाहा. डीव्ही-डीटी फिल्टर आणि साइन फिल्टर ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मधे बसतात, ते मोटरच्या इन्सुलेशनसाठी असतात. ईएमसी फिल्टर रेडिओच्या पट्ट्यातल्या उच्च फ्रिक्वेन्सीसाठी असतो. यांतल्या एकानेही पाचवा हार्मोनिक कमी होत नाही. आपल्याला हवे ते हार्मोनिक फिल्टर, आणि त्यांचे दोन प्रकार: पॅसिव्ह आणि अॅक्टिव्ह. नव्या मोठ्या ड्राइव्हसाठी अॅक्टिव्ह फ्रंट एंड किंवा 18 पल्सचा ड्राइव्ह मागवणं हाही मार्ग आहे, पण बसलेली इमारत सुधारायची असेल तर तो क्वचितच परवडतो.

पॅसिव्ह फिल्टर म्हणजे चोक आणि कपॅसिटरची जुळणी. तो एका ड्राइव्हच्या इनपुटला सिरीजमध्ये बसतो आणि पूर्ण लोडला विकृती 5 ते 8 टक्क्यांवर आणतो. ड्राइव्ह मोठा, लोड स्थिर, संख्या एखाद-दुसरी असेल तर मी हाच घेईन. त्याचा अवगुण हलक्या लोडवर दिसतो. पंप हळू फिरत असला तरी फिल्टरचे कपॅसिटर पूर्ण जोडलेलेच असतात आणि पॉवर फॅक्टर लीडिंगला जातो. ट्रान्सफॉर्मर ते मुकाट्याने सोसतो, जनरेटर सोसत नाही. त्याच्या एव्हीआरचा ताबा सुटतो, व्होल्टेज चढत जातं आणि जनरेटर ट्रिप होतो. म्हणून जनरेटर असलेल्या इमारतीत पॅसिव्ह फिल्टर घ्यायचाच झाला तर हलक्या लोडला कपॅसिटर बाहेर काढणारा कॉन्टॅक्टर त्यात असायलाच हवा.

अॅक्टिव्ह फिल्टर बसबारला समांतर जोडला जातो. तो सीटीमधून करंट वाचतो, त्यातला हार्मोनिक वेगळा काढतो आणि तेवढाच उलटा करंट सोडतो. वेगवेगळे, खालीवर होणारे अनेक ड्राइव्ह असतील तिथे तो शोभतो. ओव्हरलोड झाला तर तो जळत नाही, आपल्या रेटिंगइतकंच काम करून थांबतो. पण त्याच्यामुळे ड्राइव्हला सोर्स आणखी तगडा भासतो आणि चोक नसलेले ड्राइव्ह पूर्वीपेक्षाही जास्त हार्मोनिक ओढू लागतात. चोक न लावता अॅक्टिव्ह फिल्टर बसवला तर मोठ्या रेटिंगचा बसवूनही तो पुरा पडत नाही, याचं कारण हेच.

दोन्ही पर्याय तपासू. दोन्ही पंपांना पॅसिव्ह फिल्टर लावले तर 72 चे सुमारे 14 होतील, ब्लोअरचे 48 राहतील, एकूण 62. परवानगी 56 ची. थोडक्यात हुकतं. अॅक्टिव्ह घेतला तर 120 मधून किमान 64 अँपिअर खोडायला हवेत. निर्णय करायच्या आधी मात्र जनरेटरचं गणित करावं लागतं, आणि इथे आम्ही पूर्वी चुकलो होतो.

तेच अँपिअर, दुसरा सोर्स

जनरेटर 500 केव्हीएचा, रेटेड करंट 722 अँपिअर, सबट्रान्झिएंट रिअॅक्टन्स 15 टक्के. हा आकडा अल्टरनेटरच्या डेटाशीटवर X''d असा लिहिलेला असतो. चोक लावल्यानंतर 300 अँपिअरच्या 35 टक्के, म्हणजे 105 अँपिअर, हा फक्त पाचवा हार्मोनिक. त्याने बसबारवर किती व्होल्टेज बिघडतं ते पाहा:

```
V5 = 5 × X × ( I5 / I_FL )

ट्रान्सफॉर्मर : 5 × 0.05 × 105/1443 ≈  1.8 %
जनरेटर       : 5 × 0.15 × 105/722  ≈ 10.9 %
```

1 किलोव्होल्टपर्यंतच्या व्होल्टेजसाठी आयईईई 519 मध्ये एका हार्मोनिकला 5 टक्के आणि एकूण 8 टक्के अशी मर्यादा आहे. जनरेटरच्या बसवर हे मानक बंधनकारक नसलं तरी कसोटी म्हणून तीच वापरावी. प्रत्यक्षात जनरेटरचा रिअॅक्टन्स स्वतःच चोकसारखा काम करतो, करंट थोडा कमी होतो आणि हा आकडा 8 टक्क्यांच्या आसपास थांबतो. तरी मर्यादेच्या वरच. यूपीएस का रुसला होता ते इथे कळतं. ट्रान्सफॉर्मरवर पावणेदोन टक्के, ते कुणाच्या लक्षातही येत नव्हते.

उलट गणित केलं तर जनरेटरवर पाचवा 48 अँपिअरच्या आत हवा, म्हणजे 105 मधून किमान 57 खोडले पाहिजेत. पॅसिव्हच्या पर्यायात ब्लोअरचेच 42 उरतात आणि पंपांचे दहाएक, म्हणून तो इथेही काठावर अडतो. अॅक्टिव्हला लाइनसाठी 64 आणि जनरेटरसाठी 57 लागतात. 75 अँपिअरचा जेमतेम बसला असता. आम्ही 100 चा घेतला. उरलेली जागा सातव्या-अकराव्यासाठी आणि पुढे वाढणाऱ्या एखाद-दोन ब्लोअरसाठी. तीन वायरचाच घेतला, कारण न्यूट्रलमध्ये विशेष काही नव्हतं. जोडला चेंजओव्हरच्या नंतरच्या बसबारवर, म्हणजे सोर्स कोणताही असो, फिल्टर कामावर राहतो.

बसवल्यावर तपासणी

सर्वांत जास्त चूक होते ती सीटीच्या दिशेत. सीटी उलटी बसली तर फिल्टर हार्मोनिक खोडायच्या ऐवजी त्यात भर घालतो. एका फेजची सीटी दुसऱ्या फेजच्या बारवर गेली तरी तसंच होतं. म्हणून पॅनेलचं दार बंद करून घाईने हँडओव्हर देऊ नका. फिल्टर बंद ठेवून इनकमरवर तिन्ही फेजचा पाचवा हार्मोनिक अँपिअरमध्ये लिहा, मग फिल्टर चालू करा आणि पुन्हा लिहा. तिन्ही फेजमध्ये आकडा उतरला पाहिजे. एकाच फेजमध्ये वाढला तर त्या फेजची सीटी पाहा, तिन्हींमध्ये वाढला तर तिन्ही उलट्या आहेत. सीटीच्या सेकंडरीची वायर बदलण्याआधी ती शॉर्ट करायला विसरू नका. चालू करंटवर उघडी राहिलेली सीटी जिवावर बेतते.

दुसरी तपासणी कपॅसिटर पॅनेलसोबत करा: एकेक टप्पा आत घ्या आणि फिल्टरचा करंट पाहा. तो एखाद्या टप्प्यावर थरथरू लागला तर तिथे डिट्यून्ड रिअॅक्टर जोडायचा राहून गेलेला असतो. आमच्याकडे असा एक टप्पा निघाला. जनरेटर चालू असताना तर कपॅसिटर पॅनेल बंदच राहील अशी इंटरलॉक घाला.

तिसरी तपासणी खऱ्या जनरेटरवर, खऱ्या लोडसह करायची. आम्ही सुटीच्या दिवशी मेन ब्रेकर पाडला. दोन्ही पंप पूर्ण वेगाला नेले, दहाही ब्लोअर चालू केले आणि अर्धा तास थांबलो. व्होल्टेजमधला पाचवा दीड ते दोन टक्क्यांत फिरत होता. यूपीएस पहिल्या मिनिटाला बॅटरीवरून इनपुटवर आला आणि तिथेच राहिला. मग मी फिल्टरचा ब्रेकर मुद्दाम पाडला. काही सेकंदांत यूपीएस पुन्हा ओरडला. ब्रेकर परत लावला, दोन्ही वेळची रीडिंगं वहीत उतरवली आणि ती वही पॅनेल रूममध्ये टांगून ठेवली.